चार पानांचं भाषण आणि भावाचा रिपोर्ट

वाचकाचं पत्र:

मी ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातली. नागपूरला लॅब टेक्निशियनचा डी.एम.एल.टी. कोर्स करते, पहिलं वर्ष आहे. तालुक्यातल्या एका शिक्षणनिधीतून मला यंदा 30 हजार रुपये मिळाले. त्यावर मी मेस लावली आणि संध्याकाळचं कपड्याच्या दुकानातलं काम सोडलं. आता निधीचा कार्यक्रम आहे आणि आम्हा अकरा जणांकडून मी तीन मिनिटं बोलायचं ठरलंय. गावच्या शाळेतल्या सरांनी मला चार पानांचं भाषण लिहून दिलं. त्यात आई दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाते, लहान भावाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्याला किती वेळा भरती केलं, हे सगळं आहे. सर म्हणतात, देणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरच पुढच्या पोरांना पैसे मिळतील. भाऊ नववीत आहे. तो म्हणाला, माझं नाव काढलंस तर मी कार्यक्रमाला येणार नाही. भाषणाच्या शेवटी ‘मी गावातच परत येऊन सेवा करीन’ असं आहे, ते खरं होईल की नाही मला माहीत नाही. सरांचं मन मोडवत नाही आणि भावाचंही. काय करू?

उत्तर:

तुझं पत्र वाचून आधी त्या चार पानांचाच हिशेब केला. हाताने लिहिलेल्या एका पानावर साधारण दोनशे शब्द बसतात, म्हणजे चार पानांचे झाले आठशे. सभागृहात आवाज घुमतो, मधे टाळ्या पडतात, म्हणून माइकवर बोलणारा माणूस सहसा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे जात नाही. सरांचं भाषण सात-आठ मिनिटांचं आहे. ते तीन मिनिटांत बसवायचं तर अर्ध्याहून जास्त काढावं लागणारच. राहिला प्रश्न काय काढायचं, त्याचा. तो नीट सोडवायचा तर सरांच्या त्या एका वाक्यापासून सुरुवात करू, डोळ्यांत पाणी आलं तरच पैसे मिळतात या वाक्यापासून.

मी अशाच एका निधीच्या निवड समितीत बरीच वर्षं बसले आहे आणि त्याच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालनही केलं आहे. सर सांगतात तेच मीही एकदा केलं होतं. बारावीत चांगले गुण मिळवलेला एक मुलगा होता. त्याचे वडील गेले होते आणि कसे गेले ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. स्टेजच्या मागे मी त्याला म्हटलं, वडिलांबद्दल बोल, लोकांना कळू दे. तो बोलला. सभागृह रडलं. दोघातिघांनी जागेवर उठून रकमा जाहीर केल्या. त्यांतली एक रक्कम वर्षभर मागे लागूनही आली नाही. दुसऱ्या वर्षाचा चेक घ्यायला तो मुलगा आला नाही. मी निरोप पाठवला, तर त्याच्या आईने सांगितलं, तो म्हणतो मला पुन्हा त्या स्टेजवर नाही जायचं. त्याचे पैसे निधीकडेच पडून राहिले. चूक माझी होती, आणि सरांच्या हातून ती होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

त्या समितीत बसून मला एवढं कळलं की, दरवर्षी न सांगता पैसे पाठवणारी माणसं वेगळी असतात. निवृत्त शिक्षक, एखादा कृषी केंद्रवाला, पुण्याला नोकरी करणारी गावची पोरं. ती दर जूनमध्ये एकच विचारतात: मागच्या वर्षीची पोरं आता काय करतात? पैसे कुठे लागले ते त्यांना हवं असतं. रडवणाऱ्या भाषणात ते नेमकं सापडत नाही. शिवाय आपल्या भागातली माणसं दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या दिवसांत रात्र रात्र बसून नाटक पाहतात. रडवायचा प्रवेश कुठे घातला आहे हे झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला पहिल्या दोन वाक्यांत कळतं. नाटकात तो खुशीने रडतो. पण समोर गावचीच पोरगी उभी असली की तो तुझ्या आईकडे वळून पाहतो, आणि मग आईला कुठे बघावं ते कळत नाही.

आता भावाचं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण तू जे शिकते आहेस त्याच्याशी याचा थेट संबंध आहे. सिकलसेलचा आजार होण्यासाठी मुलाला आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. म्हणजे भावाला आजार आहे असं तू माइकवर सांगितलंस की, आई आणि वडील दोघेही निदान वाहक आहेत, म्हणजे तसं एक जनुक दोघांतही आहे, हेही त्याच वाक्यात सांगून झालं. आणि दोन वाहकांच्या ज्या मुलाला आजार नाही, ते मूल वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. म्हणजे तुझ्याबद्दलही बोललं जाईल. एका वाक्यात घरातल्या चौघांचा रिपोर्ट स्टेजवरून वाचला जाईल, आणि तो वाचायला चौघांपैकी कुणी सांगितलेलं नसेल.

यात लपवण्यासारखं काही नाही, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडच्यांनी तपासणी करावी आणि एकमेकांना सांगावं हेही बरोबरच आहे. पण कोणी, कोणाला, केव्हा सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तुझा भाऊ नववीत आहे. उद्या त्याला त्याच वर्गात बसायचं आहे, कबड्डीच्या संघात घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या पोरांमध्येच वावरायचं आहे. तो ‘येणार नाही’ म्हणाला, यालाच मी त्याचं उत्तर धरीन. लॅबमध्ये काम करणारीला हे रोज पाळावं लागतं: रिपोर्ट ज्याचा, त्याच्याच हातात. त्याची सुरुवात घरापासून झाली तर चांगलंच.

आईच्या रोवणीचं मात्र वेगळं आहे. ते काम सगळ्या गावासमोर उघड्यावर होतं, त्यात गुपित काही नाही. तरी आईला विचार. ती हो म्हणाली तर रोवणीचा उल्लेख कामाचा उल्लेख म्हणून येऊ दे. ‘दुसऱ्याच्या बांधीत चिखल तुडवणारी माझी माउली’ असं लिहिलं की कामाची कीव होते. ‘आई आज रोवणी सोडून इथे आली आहे’ एवढंच म्हटलंस तर त्या दिवसाची मजुरी बुडवून ती आली, हे समोरच्या प्रत्येक बाईला न सांगता कळतं.

मग आभार कसे मानायचे? सरांच्या कागदावर ‘आपले उपकार मी जन्मोजन्मी फेडू शकणार नाही’ असं काहीतरी असणारच. अशी वाक्यं ऐकून देणाराही अवघडतो, कारण त्याने उपकार करायला पैसे दिलेले नसतात. याबाबत मला एका अर्पणपत्रिकेची आठवण होते. बाबासाहेब आंबेडकरांना 1913 साली सयाजीराव गायकवाडांकडून अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पुढे 1925 साली त्यांचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. त्यात आपल्या शिक्षणाच्या कामी त्यांनी केलेल्या मदतीबद्दलची कृतज्ञता म्हणून, एवढाच आशय आहे. एक वाक्य. मदत कोणत्या कामी झाली ते सांगितलं, आणि ज्या अभ्यासासाठी पैसे मिळाले त्याच अभ्यासातलं पुस्तक पुढे ठेवलं.

आणि तुझ्या दुसऱ्या अडचणीचं उत्तरही तिथेच आहे. त्या शिष्यवृत्तीच्या करारात परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची अट होती. ते 1917 साली बडोद्याला गेले. पण जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळेना, आणि काही दिवसांतच त्यांना ते शहर सोडावं लागलं. करारातला शब्द पाळता आला नाही, त्यात त्यांचा दोष नव्हता. आणि त्यानंतरही 1925 मध्ये कृतज्ञता होतीच. पुढच्या दहा वर्षांचा शब्द देता आला तरच आभार खरे, असं काही नसतं.

म्हणून ‘गावातच परत येईन’ हे वाक्य काढ. तुझ्या गावात उपकेंद्र असेल तर तिथे लॅब टेक्निशियनचं पद नसतं, ते प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पुढे असतं. जागा निघेल तिथे अर्ज करावा लागेल. कदाचित गडचिरोलीत, कदाचित नागपुरातच. खेड्यात माइकवर दिलेला शब्द लोक विसरत नाहीत. तीन वर्षांनी लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणेल, तू तर गावातच येणार होतीस ना? हेतू सांगायचाच आहे, पण तो आज खरा असलेला सांग. मी काय शिकते आहे आणि त्यातलं काय नीट यावं असं मला वाटतं, एवढं तुला आज नक्की माहीत आहे. कुठे काम करीन ते माहीत नाही, आणि तसं म्हणायला हरकत नाही. निधीवाल्यांना पाळता येईल असा एखादा छोटा शब्द दे, म्हणजे निकाल लागला की आणून दाखवीन, असा.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य, जे तू सहज लिहून पुढे गेलीस: मेस लावली आणि दुकानातलं काम सोडलं. माझ्या मते तुझं सगळं भाषण या वाक्यात आहे. 30 हजार रुपये म्हणजे तुझी मेस, आणि मेस म्हणजे तुझी संध्याकाळ. हे देणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण चेकवर फक्त रक्कम असते. बाकीच्या दहा जणांनाही हेच विचार. प्रत्येकाला फोन कर किंवा मेसेज टाक: पैसे मिळाल्यावर पहिल्यांदा काय केलंस? दहा उत्तरं येतील, त्यांतली दोनच घे, नावं न घेता. तू अकरा जणांकडून बोलते आहेस, ते लोकांना यातूनच कळेल.

मी एक मसुदा लिहून देते. यातल्या दुसऱ्या दोघांच्या गोष्टी मी कल्पनेने घातल्या आहेत, तिथे खऱ्या घाल. दुकानाची वेळ आणि बसची वेळही तुझ्या हिशेबाने बदल.

“अध्यक्ष महोदय, या निधीला पैसे देणारे सगळे काका-काकू, आमचे गुरुजन, आणि समोर बसलेले आमचे आईवडील, सगळ्यांना नमस्कार.

मी आम्हा अकरा जणांकडून बोलते आहे. तुमच्या पैशांचं आम्ही काय केलं ते आधी सांगते. आमच्यातल्या एकाने आयटीआयची राहिलेली फी भरली. एकीने गडचिरोलीत खोली घेतली, कारण तिच्या गावाकडची शेवटची बस साडेपाचला निघते आणि तिचं कॉलेज सहाला सुटतं. मी नागपूरला मेस लावली.

मेस लावल्याने काय झालं ते सांगते. त्याआधी मी रोज संध्याकाळी सहा ते नऊ एका कपड्याच्या दुकानात काम करत होते. पैसे मिळाले आणि मी ते काम सोडलं. म्हणजे तुम्ही मला रोजचे तीन तास दिले. त्या तीन तासांबद्दल, आणि आम्हा सगळ्यांना जे जे मिळालं त्याबद्दल, आम्ही तुमचे मनापासून आभार मानतो.

त्या तीन तासांत मी काय शिकते? आपल्या भागात सिकलसेलची तपासणी पुष्कळांनी पाहिली आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि नळीतल्या द्रावणात टाकतात. नळीच्या मागे काळ्या रेघा असलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्तात सिकल नाही. नळी गढूळ झाली, रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल आहे. पण ती नळी तेवढंच सांगते. माणूस नुसता वाहक आहे की आजारी आहे, हे त्या नळीला सांगता येत नाही. त्यासाठी दुसरी, मशीनवरची तपासणी लागते. ती तपासणी मला बिनचूक करता आली पाहिजे. माझ्या हातून निघालेला रिपोर्ट बघून कुणी विनाकारण घाबरू नये, आणि कुणाचा आजार सुटून जाऊ नये.

मला काम कोणत्या गावात मिळेल ते आज माहीत नाही. पण या वर्षाचा निकाल लागला की तो दाखवायला मी स्वतः येईन. माझी आई आज रोवणी सोडून इथे आली आहे. तिचेही आभार. धन्यवाद.”

हे साधारण सव्वादोनशे शब्दांचं भाषण आहे. थांबत थांबत बोललीस तर अडीच मिनिटांच्या आत होईल. उरलेली जागा सरांसाठी ठेवली आहे. त्यांच्याबद्दलचं एक वाक्य तू स्वतः लिही. ‘सरांचं मोलाचं मार्गदर्शन लाभलं’ असं कुणीही म्हणतं. सरांनी तुला पहिल्यांदा काय दाखवलं, कोणत्या प्रवेश फॉर्मसाठी ते तुझ्याबरोबर तहसीलला आले, असं काहीतरी एक खरं आठव आणि ते शेवटच्या परिच्छेदात घाल.

नळीबद्दलचा परिच्छेद तुला शिकवणाऱ्यांकडून एकदा तपासून घे. आणि हा सगळा मसुदा भावाला आधी वाचून दाखव. यात त्याचा उल्लेख कुठेही नाही, तरी सिकलसेल हा शब्द तुझ्या तोंडून आला की शेजारीपाजारी जोडायचं ते जोडतील, असं त्याला वाटू शकतं. त्याचा चेहरा उतरला तर तो परिच्छेद काढून टाक आणि तिथे रक्तगटाची तपासणी सांग. काचेवर रक्ताचे थेंब ठेवतात, त्यांत वेगवेगळी द्रावणं टाकतात, आणि कोणत्या थेंबात गुठळ्या होतात त्यावरून गट ठरतो. लोकांना तेही आवडीने ऐकायला येईल, आणि रिपोर्ट बिनचूक असावा हे तुझं म्हणणं तसंच राहील.

सरांशी बोलताना मसुद्याबरोबर घड्याळ घेऊन जा. त्यांचंच भाषण त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाच आणि मोबाइलवर वेळ लाव. सात मिनिटं झालेली त्यांना दिसतील, मग काटछाट करायला तेही बसतील. भावाचा भाग मात्र वेळेच्या नावाखाली काढू नकोस. तसं केलंस तर सर म्हणतील, बाकीचं कमी करू, हेच ठेवू, कारण त्यांना तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांना सरळ सांग: सर, तो नको म्हणाला आहे, आणि त्याचा रिपोर्ट मी सगळ्यांसमोर सांगू शकत नाही. सरांनी ते भाषण वाईट हेतूने लिहिलेलं नाही. पुढच्या पोरांची काळजी त्यांना आहे, म्हणून ते तसं लिहिलं गेलं. चार पानं हाताने लिहून देणारा माणूस एवढी गोष्ट ऐकून घेईल असं मला वाटतं. न ऐकलं तरी माइक तुझ्याच हातात असणार आहे.

एक गोष्ट बहुतेक मुलांच्या लक्षात येत नाही. तू भाषणातून भावाला काढलंस, पण तुझा परिचय करून देणारा सूत्रसंचालक ते सांगून मोकळा होतो. ‘घरची हलाखीची परिस्थिती, भावाच्या दुर्धर आजाराशी झुंज देत’ असं त्याच्या कागदावर आधीच असतं, कारण ती माहिती निधीच्या अर्जातून किंवा सरांकडून गेलेली असते. मग ती स्थानिक वार्ताहराच्या बातमीत उतरते आणि व्हिडिओबरोबर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. म्हणून कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सूत्रसंचालकाला फोन कर आणि तुझा परिचय तूच दोन ओळींत लिहून दे: नाव, गाव, शाळा, आता कुठे काय शिकते. निधीच्या सचिवांनाही सांग की अर्जातली घरची माहिती वाचून दाखवू नये. तुझ्यासाठी सांगशील तेव्हा बाकी दहा जणांसाठीही सांग. त्यांच्यातही असं काही न बोललेलं कुणाचं तरी असेल.

तोच फोन आणखी एका कामाचा आहे. आपल्याकडे संबोधनातच मिनिट जातं. स्टेजवर दहा-बारा मान्यवर असतात, प्रत्येकाचं पद आणि नाव घ्यायचं तर पाच सेकंद धर, झालं एक मिनिट. सूत्रसंचालकाने सगळ्यांची नावं आधीच घेतलेली असतात, म्हणून तू फक्त अध्यक्षांचा उल्लेख केलास तरी कुणी रागावत नाही. तरी शंका असेल तर त्यालाच विचारून ठेव. आणि पैसे देणारे नेमके कुठे बसणार आहेत तेही विचार. स्टेजवर पुष्कळदा पाहुणे असतात आणि महिन्याला पाचशे रुपये देणारा माणूस तिसऱ्या रांगेत कडेला बसलेला असतो. ‘काका-काकू’ म्हणताना त्या रांगेकडे बघ. कुणाचं नाव मात्र घेऊ नकोस, काहींना ते नको असतं.

बोलण्याच्या भाषेची काळजी तू पत्रात लिहिली नाहीस, पण नागपूरला वर्ष काढलेल्या मुलींना ती असते म्हणून लिहिते. बांधी, रोवणी हे शब्द तसेच राहू देत. बोलताना ‘पाणी’चं ‘पानी’ झालं तर होऊ दे. तिथे बसलेले सगळे तेच म्हणतात. मुद्दाम गावठी करू नकोस आणि मुद्दाम शहरीही करू नकोस.

सराव कर तो उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर रेकॉर्ड करून. बसून मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमी भरते. पाठ फक्त पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद कर, मधलं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून हातात ठेव. कागद बघून बोललं म्हणून कुणाला काही वाटत नाही, पण पाठ केलेलं मधेच तुटलं तर पुन्हा धागा सापडत नाही. माइक तोंडापासून वीतभर लांब हवा, आणि स्टँड उंच असेल तर बोलायच्या आधी खाली करून घे, मान वर करून बोलू नकोस. आईचं नाव शेवटी येतं, तिथे आवाज भरून येईल. आला तर थांब, कागदाकडे बघ, श्वास घे आणि पुढचं वाक्य म्हण. रडू आलं तर येऊ दे, ते कुणी लिहून दिलेलं नाही.

कार्यक्रम लांबणारच हे धरून चाल. अकराचा बाराला सुरू होतो, पाहुण्यांची भाषणं वाढतात, आणि मग कुणीतरी कानाशी येऊन सांगतं, बेटा, एका मिनिटात आटप. त्यासाठी कागदावर आधीच खूण करून ठेव: नमस्कार, मेसचा परिच्छेद, शेवटचा परिच्छेद. एवढंच वाचलं तर मिनिट-सव्वामिनिटात होतं. नळीचा परिच्छेद त्या दिवशी राहिला तर राहू दे. जेवणाच्या वेळी देणाऱ्यांपैकी कुणी जवळ येऊन विचारलंच तर तो त्यांना तोंडी सांगता येईल, आणि माझा अनुभव असा की विचारतात.

भाऊ येणार असेल तर त्याला समोरच्या दुसऱ्या रांगेत बसव आणि त्याच्या हातात घड्याळ दे. अडीच मिनिटं झाली की त्याने नुसता हात वर करायचा.